अंड्याचं पांढरं फेटून घट्टच होईना – भांडं, बलकाचा ठिपका अन् साखर कधी घालायची?

उदगीरची_वहिनी
नमस्कार मंडळी. मेरिंग करायलेय, म्हणजे करायचं चाललंय पण होईना गेलंय. तीन अंड्यांचं पांढरं घेतलं, पिवळं अजिबात पडू दिलं नाही, अगदी डोळ्यात तेल घालून वेगळं केलं, त्यात 180 ग्रॅम साखर घातली अन् हँड बीटर लावला. पंधरा मिनिटं झाली तरी नुसता वर साबणासारखा फेस अन् खाली पातळ पाणी, बीटर उचलला की सगळं परत खाली. व्हिडिओत तर पाच-सात मिनिटात टोकं उभी राहतात अन् ती बाई भांडं डोक्यावर उलटं धरते.
अंडी ताजी आहेत, बीटर नवा आहे. आमच्याकडं स्वयंपाकघरात अंडं चालत नाही त्यामुळं मागच्या ओसरीत सगळं मांडून करावं लागतं, तिथंच अंड्या-मटणाची भांडी वेगळी ठेवलेली असतात. कामून होत नसेल? अंडी बदलून बघू का?

खटपट्या_परभणी
ताई पिवळं पडलंच असणार. एक थेंब जरी गेला ना तर ते पांढरं टाकूनच द्यायचं, काही उपयोग नाही त्याचा. अन् सुरुवातीला चिमूटभर मीठ टाकत जा, मिठानं फेस पटकन येतो, आमच्याकडं सगळे टाकतात.

गोदाकाठचा_बेकर
वहिनी, पांढरं कोणत्या भांड्यात फेटलं ते सांगा आधी. अंड्याचं नंतर बघू.

उदगीरची_वहिनी
जर्मनचं पातेलं आहे दादा, मोठं. त्यातच मटण होतं पण धुतलेलं होतं हो, राखेनं घासून मग साबणानं, चकाचक.

गोदाकाठचा_बेकर
तिथंच आहे सगळी गोम. नांदेडला बेकरीत माझी निम्मी जिंदगी गेली, नवीन पोरगं कामाला आलं की पहिलं भांडं हुंगायला लावतो मी. जर्मनच्या पातेल्याला आतून बारीक बारीक चरे अन् खड्डे पडलेले असतात, त्यात वर्षानुवर्षाची चरबी बसलेली असते, राखेनं घासलं की चरे अजून वाढतात. डोळ्याला चकचकीत दिसतं पण बोट फिरवून बघा, ओलं बोट सरळ घसरतं का चिकटून कुर्र आवाज करतं. घसरलं तर तेलकट आहे. दुसरी खूण पाण्याची, भांड्यात पाणी फिरवून ओता, पाणी सगळीकडं सारखं पसरून उतरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटलं तर तिथं तूप-तेल आहे.

आता हे होतं कामून ते सांगतो. अंड्याच्या पांढऱ्यात दहातले नऊ भाग पाणीच असतं, उरलेल्यात बहुतेक प्रोटीन. ही प्रोटीनं गुंडाळी करून बसलेली असतात. आपण फेटतो तेव्हा हवा आत घुसते अन् मारानं ती गुंडाळी उलगडते. उलगडलेल्या प्रोटीनचा एक भाग पाण्याकडं अन् एक भाग हवेकडं तोंड करून बुडबुड्याच्या कडेला जाऊन बसतो, अन् शेजारच्या प्रोटीनचा हात धरतो. असे सगळे हात धरून उभे राहिले की बुडबुड्याला भिंत मिळते. चरबीलाही पाण्यात राहायचं नसतं, तिलाही तीच कडेची जागा पाहिजे असते, अन् ती जागा ती पटकन धरते. पण शेजारच्याचा हात काही धरत नाही. म्हणजे भिंतीत जिथं चरबी बसली तिथं भगदाड. तुमचा फेस दिसायला आला पण उभा राहिला नाही, तो ह्याच्यामुळं. साबण राहिला तरी असंच होतं बरं का, साबणही कडेलाच पळतो. म्हणून साबणानं घासून नीट न खळबळलेलं भांडंही तेवढंच बाद.

अंडी बदलू नका. स्टीलचं नाहीतर काचेचं भांडं घ्या, ज्यात फोडणी, तूप, मटण काही पडत नाही असं. कढत पाण्यानं धुवा, मग अर्ध्या लिंबाची फोड आतून सगळीकडं चोळा अन् कोरड्या स्वच्छ फडक्यानं पुसा, चपातीच्या डब्यातल्या फडक्यानं नाही. बीटरच्या काड्यासुद्धा तशाच पुसा. प्लास्टिक तर नकोच, त्याला तेल धरून राहतं, कितीही धुवा. अन् जर्मनचं दुसऱ्या कारणानंही नको, त्यात फेटलेलं पांढरं कधी कधी काळपट होतं.

खटपट्या_परभणी
म्हणजे मी बरोबरच बोललो की, थेंब गेला की टाकून द्यायचं.

गोदाकाठचा_बेकर
अर्धं बरोबर. थेंब गेला तर फेस अजिबात येतच नाही असं नाही, जास्त वेळ लागतो अन् जेवढा फुगायचा तेवढा फुगत नाही, उभाही कमी वेळ राहतो. आता किती ठिपक्यापर्यंत चालतं ह्याच्यावर आमच्याच बेकरीत भांडणं होतात, कोणी म्हणतं मोहरीएवढा चालतो, मी मेरिंगला तेवढाही चालू देत नाही, केकच्या पिठात घडी घालायचं असेल तर चालवून घेतो. अन् पिवळं नुसत्या तेलापेक्षा वाईट असतं हे खरंय. बलकात तिसरा हिस्सा चरबी, अन् वर त्यात लेसिथिन असतं, ज्याच्या जोरावर मेयोनीजमधे तेल-पाणी एकत्र राहतं. ते तर कडेची जागा धरण्यात वस्ताद.
ठिपका पडलाच तर बोटानं काढायचा नाही, बोटालाही तेल असतं अन् तो पळतो. फुटलेल्या टरफलाची धार लावून काढायचा, टरफलाकडं तो आपोआप येतो. अन् तीनही अंडी एकाच भांड्यावर फोडू नका, प्रत्येकाचं पांढरं आधी वाटीत घ्या, स्वच्छ निघालं तरच मोठ्या भांड्यात टाका. तिसऱ्या अंड्याचा बलक फुटला तर पहिल्या दोघांचं तरी वाचतं.
मिठाचं मात्र उलटं आहे. मिठानं फेसाला उलट जास्त वेळ लागतो अन् टिकायला कमी पडतो. चवीला टाका, फेसासाठी नको.

बीडचे_काका
आमच्या वेळी कुठले बीटर होते, रवीनं घुसळायचो आम्ही. लाकडी रवीनं दोन्ही तळव्यात फिरवलं की कसं वर येत नाही बघतोच. अन् लिंबू-बिंबू कशाला, तांब्याच्या भांड्यात फेटायचं, तांब्यात लई भारी फुलतं असं ऐकलंय.

उदगीरची_वहिनी
काका आमच्या घरची रवी ताकाची आहे 😀 ती अंड्यात घातली तर सासूबाई मलाच बाहेर काढतील.

गोदाकाठचा_बेकर
काका रवीचं एक वेळ सोडा, ताकाच्या रवीत लोणी मुरलेलं असतं, तिच्यानं काय होणार. पण तांब्याचं तुम्ही खरं ऐकलंय. फ्रान्समधे अठराव्या शतकापासून मिठाईवाले तांब्याच्या कढईत पांढरं फेटतात. तांबं थोडं थोडं पांढऱ्यात उतरतं अन् प्रोटीनमधल्या गंधकाच्या जागा अडवतं, त्यामुळं प्रोटीनं एकमेकाला गरजेपेक्षा जास्त घट्ट आवळत नाहीत. जास्त फेटलं तरी फेस लवकर फाटत नाही.
पण दोन गोष्टी. आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई असते, मग तांबं लागणारच कुठून, उपयोग शून्य. अन् कल्हई नसेल तर लिंबू घालायचं नाही, आंबटानं तांबं जास्त उतरतं, ते पोटाला चांगलं नाही. लिंबाचा रस तेच काम दुसऱ्या वाटेनं करतो, एका पांढऱ्याला अर्धा छोटा चमचा, फेस येऊ लागला की घालायचा. तो पुरे आहे, तांब्याच्या नादी लागू नका.

जालन्याची_मीनू
माझा पण सेम प्रॉब्लेम आहे!! मी केकवर लावायला व्हिपिंग क्रीम फेटते अन् स्टिफ पीक्स येतच नाहीत, मे महिन्यात तर नुसतं दूध दूध होतं, लिंबू चोळलेलं भांडं घेतलं तरी. क्रीममधे तर सगळी चरबीच असते मग ती कशी काय फेटली जाते? तुम्ही म्हणता चरबीनं बिघडतं, मग हे काय?

गोदाकाठचा_बेकर
मीनूताई तुमचा प्रॉब्लेम सेम नाही, बरोब्बर उलटा आहे. अंड्याच्या फेसाची भिंत प्रोटीनची, क्रीमच्या फेसाची भिंत चरबीची. फेटताना चरबीच्या बारीक गोळ्या अर्धवट एकमेकीला चिकटतात अन् बुडबुड्याभोवती साखळी लावतात. पण त्यासाठी त्या गार अन् कडक पाहिजेत. जालन्याच्या मे महिन्यात चरबी विरघळलेलीच असते, मग कशी चिकटणार. क्रीम, भांडं, बीटरच्या काड्या सगळं फ्रीजमधे ठेवा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा. दुकानातली नॉन-डेअरी क्रीम असेल तर पाकिटावर लिहिलेलं बघा, ती बहुतेक गोठवलेली येते, फ्रीजमधे हळूहळू सुटू द्यावी लागते. लिंबानं त्यात काही होणार नाही, त्याचा नाद सोडा.

प्रश्नचिन्ह
मग मला एक सांगा. स्पंज केकला मी अख्खी अंडी फेटतो, पिवळ्यासकट, अन् ती छान तिप्पट होतात. पिवळं गेलं की फेस येत नाही म्हणता, इथं तर सगळंच पिवळं आत. कोणाचं खरं?

गोदाकाठचा_बेकर
चांगला प्रश्न. दोन्ही खरं. अख्ख्या अंड्याचा फेस कधी टोक धरून उभा राहिलाय का बघा. बीटर उचलला की फितीसारखा पडतो, फीत काही सेकंद दिसते अन् मग बुडते, त्याच्या पुढं तो जातच नाही. तो टिकतो तो साखरेच्या पाकानं अंडं घट्ट झाल्यामुळं, म्हणून तिथं साखर सुरुवातीलाच घालतात अन् गरम पाण्यावर भांडं धरून अंडं कोमट करून घेतात. शिवाय बलकात स्वतःचीही प्रोटीनं आहेत. मेरिंगला पाहिजे तसा ताठ फेस त्यातून येणार नाही.
अजून एक. पांढरं एकदा नीट उभं राहिल्यावर त्यात पिवळं किंवा तूप घडी घालून मिसळलं तरी चालतं, भिंत आधीच बांधून झालेली असते. चरबी सुरुवातीला असली तरच घात करते.

प्रश्नचिन्ह
ओके, पण कोमट करायचं कारण पूर्ण पटलं नाही. मी थंड अंड्यांनीही केलंय अन् झालंय.

गोदाकाठचा_बेकर
होतंच, मशीनवर वेळ जास्त लागतो एवढंच. पांढऱ्याचंही तसंच. वेगळं करायला मात्र फ्रीजमधलं गार अंडं घ्या, बलक ताठ असतो, फुटत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं दुकानात अंडी उघड्यावर उन्हाच्या झळा खात पडलेली असतात, त्यांच्या बलकाची पिशवी लवकर ढिली होते, फोडलं की पिवळं पसरतं. वेगळं केल्यावर पाव तास बाहेर राहू द्या मग फेटा.

उदगीरची_वहिनी
दादा साखरेचं राहिलं. मी सगळी एकदम सुरुवातीला घातली होती, ते पण चुकीचं का?

खटपट्या_परभणी
सुरुवातीलाच घालायची ताई, साखरेनं फेस टिकतो. शेवटी घातली तर खाली बसते.

गोदाकाठचा_बेकर
खटपट्या दादा टिकतो हे खरं, पण आधी येऊ तर द्या. साखर सुरुवातीला घातली की पाण्याचा पाक होतो, पाक दाट, दाट पाण्यात प्रोटीन उलगडून एकमेकाला धरायला उशीर होतो, अन् फेस फुगतोही कमी. हातानं फेटत असाल तर दुप्पट वेळ जातो, मोठ्या मशीनवर चालून जातं. वहिनींचं पंधरा मिनिटात काही झालं नाही त्यात मटणाचं पातेलं एक अन् ही साखर दुसरं, दोन्ही मिळून.
अन् अगदी शेवटी, पार ताठ झाल्यावर घातली तर दुसरीच कटकट. तोपर्यंत पांढऱ्यातलं पाणी बुडबुड्यांच्या भिंतीत अडकलेलं असतं, साखरेला विरघळायला मोकळं पाणी नाही. दाणे तसेच राहतात. मग भट्टीत त्याच दाण्यांचा पाक सुटतो अन् मेरिंगवर मधासारखे पिवळे मणी येतात, खाताना कचकच लागते.

त्यामुळं मधली वेळ धरायची. तुमच्याच मापावर सांगतो. तीन पांढरी म्हणजे साधारण 90 ग्रॅम, साखर 180 ग्रॅम, म्हणजे वजनात दुप्पट, कुरकुरीत मेरिंगचं हे नेहमीचं माप. साखर मिक्सरला फिरवून घ्या, कोरड्या अन् स्वच्छ भांड्यात, शेंगदाण्याची चटणी वाटता त्याच्यात नाही, त्याच्या झाकणाच्या रबराखाली तेल असतं. आधी बीटर हळू चालवा, मोठे मोठे बुडबुडे आले की लिंबाचा रस, दीड छोटा चमचा. मग मधला स्पीड. बीटरची रेघ फेसात दिसायला लागते अन् बीटर उचलला की टोक वर येऊन लगेच मान टाकतं, तिथं थांबायचं नाही, तिथं साखर सुरू करायची. एक मोठा चमचा साखर, वीस-पंचवीस सेकंद फेटणं, परत एक चमचा. बारा-एक चमचे होतात, पाच-सहा मिनिटं जातील, घाई करायची नाही. एकदम ओतली तर तेवढा फेस खाली दबतो.
सगळी साखर गेल्यावर फेस बदललेला दिसेल, आधी फोमसारखा कोरडा असतो, आता साटीनसारखा चमकतो अन् जड होतो. चिमूट घेऊन दोन बोटात चोळा. दाणा लागला तर अजून फेटा, दाणा लागेना झाला की टोक बघा. बीटर उलटा धरल्यावर टोक सरळ उभं, फार तर शेंडा किंचित वाकलेला, झालं. भांडं उलटं धरायची गरज नाही, धरायचंच असेल तर ओसरीतच धरा.

प्रश्नचिन्ह
जास्त फेटलं तर कसं कळतं?

गोदाकाठचा_बेकर
साखर घालायच्या आधी जास्त धोका असतो. चमक जाते, कापसाचे बोळे तुटल्यासारखे गठ्ठे दिसतात, भांड्याच्या तळाला पाणी सुटतं. प्रोटीनं एकमेकाला इतकी आवळतात की मधलं पाणी पिळून बाहेर काढतात. लगेच लक्षात आलं तर एक कच्चं पांढरं घालून हळू फेटलं की बरंचसं सावरतं, पहिल्याइतकं नाही. साखर गेल्यावर फाटायला वेळ लागतो, पाक पाणी धरून ठेवतो ना. म्हणूनच साखर मऊ टोकाला सुरू करायची, ताठ व्हायची वाट बघत बसायचं नाही.

बीडचे_काका
एवढं सगळं करून खायचं काय, नुसती साखर अन् हवा.

जालन्याची_मीनू
काका 😂 खाऊन बघा एकदा, चहाबरोबर.

उदगीरची_वहिनी
मंडळी, झालं!! दादांनी सांगितल्याप्रमाणं स्टीलचं दुधाचं नाही असं नवं पातेलं घेतलं, लिंबू चोळलं. आधीच्या पातेल्यात बोट फिरवून बघितलं तर खरंच घसरतंय, वरून काहीच कळत नव्हतं. पहिला चमचा साखर घालेपर्यंत चार-साडेचार मिनिटंच लागली असतील, विश्वास बसेना. साटीनसारखं झालं हे पण खरं. ओटीजीत 100 डिग्रीवर पावणेदोन तास ठेवलं, आतच थंड होऊ दिलं. कुरकुरीत झालं. पण आज सकाळी पाऊस लागलाय अन् डब्याबाहेर राहिलेली दोन-तीन चिकट झालीत.
अन् एक, पोरं म्हणतात लई गोड आहे. 180 च्या जागी 100 घातली तर चालेल का?

गोदाकाठचा_बेकर
चिकट होणार, साखर हवेतलं पाणी ओढते. एप्रिल-मे मधे आपल्याकडं तासभर उघडं राहिलं तरी चालतं, पावसाळ्यात थंड झाल्या झाल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. चिकट झालेली परत 100 वर वीस मिनिटं ठेवा, सावरतात.
साखर 100 केली तर पांढऱ्याच्या वजनाएवढी होते. फेस येईल, उलट जास्त फुगेल, पण साटीन कमी, टिकायला कमी, अन् असं पार वाळून कुरकुरीत होणार नाही, आत मऊ राहील. पुडिंगवर थर देऊन वरून भाजायला ते माप चांगलं. वाळवायच्या मेरिंगला मी 150 च्या खाली जात नाही.

खटपट्या_परभणी
आमच्या शेजारची 120 घालते अन् कुरकुरीत होतात तिची.

गोदाकाठचा_बेकर
किती वेळ भाजते विचारा. जास्त वेळ वाळवत असेल तर होऊ शकतं. तिची मेरिंग दुसऱ्या दिवशी कशी राहते तेही विचारून इथं टाका.